कॅमेऱ्याचे घड्याळ घरच्याच वेळेवर राहिले: प्रवासातील फोटोंच्या वेळा दुरुस्त करण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर एकच प्रसंग धरून चाललो आहोत. कॅमेऱ्याचे घड्याळ घरच्या वेळेवर, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे होते आणि प्रवासभर ते कोणी बदलले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आधी पॅरिस आणि मग रेल्वेने लंडन असा प्रवास झाला. लंडनचा मुक्काम चालू असतानाच तिथली उन्हाळी वेळ संपली. आपला प्रवास वेगळा असला तरी आकडे बदलून हीच पद्धत वापरता येते.

घड्याळ बदलायला विसरलो, म्हणजे सगळ्याच वेळा चुकल्या का?

नाही. उलट घड्याळ प्रवासभर एकाच वेळेवर राहिले, ही दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत सोयीची स्थिती आहे. कॅमेऱ्याने प्रत्येक क्षण नेमका नोंदवला आहे, फक्त तो घरच्या घड्याळाच्या भाषेत लिहिला आहे. दोन फोटोंमधले अंतर बरोबर आहे आणि त्यांचा क्रमही बरोबर आहे. स्थानिक वेळ हवी असेल तर एका ठिकाणच्या सर्व फोटोंमधून एकच ठरावीक फरक वजा करावा लागतो. खरी अडचण येते ती मध्येच कुणीतरी घड्याळ बदलल्यावर, कारण मग तो बदल कोणत्या फोटोनंतर झाला हे आधी शोधावे लागते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

म्हणूनच पहिली विनंती अशी की, एकेका फोटोकडे पाहून "ही संध्याकाळ असावी, सात वाजले असतील" अशा अंदाजाने वेळ भरू नये. त्यामुळे कॅमेऱ्याने जपून ठेवलेली खरी अंतरे कायमची नाहीशी होतात.

फोटोच्या फाइलमध्ये वेळ नेमकी कुठे लिहिलेली असते?

ती एक्झिफ नावाच्या माहितीच्या भागात असते, आणि एकाच नव्हे तर तीन ठिकाणी असते. `DateTimeOriginal` म्हणजे शटर उघडले ती वेळ, `CreateDate` म्हणजे चित्र डिजिटल रूपात तयार झाले ती वेळ आणि `ModifyDate` म्हणजे फाइल शेवटची बदलली ती वेळ. कॅमेऱ्यातून नुकत्याच काढलेल्या फाइलमध्ये या तिन्ही बहुधा सारख्याच असतात. संगणकाच्या फोल्डरमध्ये दिसणारी फाइलची तारीख यांच्याहून वेगळी असते. ती फाइल कॉपी केल्यानेही बदलू शकते, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

या तीन नोंदींमध्ये तारीख आणि तास-मिनिटे-सेकंद असतात, पण ती वेळ कोणत्या टाइमझोनची आहे हे त्यांत लिहिलेले नसते. त्यासाठी `OffsetTimeOriginal` आणि तिच्या जोडीच्या आणखी दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्यांत ऑफसेट, म्हणजे ती वेळ यूटीसीपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे, हे लिहिलेले असते. त्या एक्झिफच्या २.३१ या आवृत्तीत, २०१६ साली आल्या. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यांच्या फाइलींमध्ये त्या सापडत नाहीत. आपल्या फाइलीत काय आहे ते एक्झिफटूल या मोफत साधनाने असे पाहता येते:

```
exiftool -time:all -G1 -a -s DSC04127.ARW
```

उत्तरादाखल येणाऱ्या ओळींपैकी या दोन आधी पाहाव्यात:

```
[ExifIFD] DateTimeOriginal   : 2025:10:20 01:36:30
[ExifIFD] OffsetTimeOriginal : +05:30
```

दुसरी ओळ आहे की नाही, हे टिपून ठेवावे. पुढची एक महत्त्वाची गोष्ट तिच्यावर अवलंबून आहे.

किती वेळ वजा करायचा हे कसे ठरवावे?

पॅरिसमध्ये ऑक्टोबरच्या त्या दिवसांत उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे तिथले घड्याळ यूटीसीपेक्षा दोन तास पुढे होते. घरचे साडेपाच तास पुढे होते, म्हणून फरक साडेतीन तासांचा. पण कागदावरचा हा फरक पुरेसा नसतो, कारण कॅमेऱ्याचे घड्याळ घरच्या वेळेशीही तंतोतंत जुळत असेल असे नाही. ते महिनोन्महिने लावलेले नसले की दोन-चार मिनिटे पुढे किंवा मागे गेलेले असते.

म्हणून पुराव्याचा एक फोटो लागतो. नेटवर्कवरून वेळ घेणाऱ्या फोनवर सेकंद दाखवणारे घड्याळ उघडून कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढावा. आपल्या उदाहरणात फोनच्या पडद्यावर ११:०५:१० दिसत आहेत आणि त्याच फोटोची एक्झिफमधली वेळ १४:३७:१० आहे. फरक तीन तास बत्तीस मिनिटांचा निघाला. म्हणजे साडेतीन तास टाइमझोनचे आणि दोन मिनिटे कॅमेऱ्याचे घड्याळ पुढे गेल्याची. प्रवास लांबचा असेल तर असा एक फोटो सुरुवातीला आणि एक शेवटी असावा. दोन्हींमधला जादा फरक सारखाच निघाला तर घड्याळ वाटेत आणखी सरकले नाही याची खात्री होते.

हा आकडा दुसऱ्या वाटेनेही पडताळून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. आयफेल टॉवरवर अंधार पडल्यानंतर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे लुकलुकणारे दिवे लागतात. वर दाखवलेल्या DSC04127 या फोटोत टॉवर लुकलुकत आहे आणि कॅमेऱ्याची वेळ २० तारखेच्या पहाटेची १:३६:३० आहे. यातून फक्त साडेतीन तास वजा केले तर १९ तारखेच्या रात्रीचे २२:०६:३० होतात, आणि तेव्हा ते दिवे बंद झालेले असायला हवेत. तीन तास बत्तीस मिनिटे वजा केली की २२:०४:३० येतात, आणि ती वेळ त्या पाच मिनिटांत बसते. फोनच्या फोटोवरून मिळालेली दोन मिनिटे खरी होती, हे इथे दिसून येते. अशा पडताळणीची मर्यादाही लक्षात घ्यावी. दर तासाला घडणारी गोष्ट मिनिटांची चूक पकडते, पण पूर्ण एका तासाची चूक तिच्यातून निसटते. तासांसाठी स्थानकावरचे किंवा मनोऱ्यावरचे घड्याळ ज्यात दिसते असा फोटो शोधावा.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. दुरुस्तीनंतर वेळच नव्हे, तारीखही बदलली. घरून पश्चिमेकडे गेल्यावर तिथल्या रात्रीचे फोटो हमखास दुसऱ्या दिवशीचे म्हणून दिसतात, आणि "पहिल्या दिवशी आपण काहीच पाहिले नाही का?" असा गोंधळ त्यातूनच होतो.

पुराव्याचा फोटो काढलेलाच नाही. आता काय करावे?

फोनवर त्याच प्रवासात काढलेले फोटो असतील तर त्यांचा उपयोग होतो, कारण फोन बहुधा वेळेबरोबर ऑफसेटही लिहून ठेवतो. कॅमेरा आणि फोन या दोन्हींतून एकाच क्षणी काढलेला प्रसंग शोधावा. जेवणाचे ताट टेबलावर ठेवले जात असतानाचा, किंवा एकच बस समोरून जात असतानाचा फोटो चालतो. इमारतींचे फोटो यासाठी निरुपयोगी असतात, कारण इमारत तासाभरानेही तशीच दिसते. दोन-तीन जोड्या सापडल्या आणि त्या सर्वांचा फरक मिनिटाच्या आत जुळला, तर तो आकडा धरायला हरकत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. फोन विमान मोडमध्ये असताना त्याला नवी वेळ कळत नाही, म्हणून विमानातले आणि उतरल्यावर लगेच काढलेले फोनचे फोटो तुलनेसाठी घेऊ नयेत. कॅमेऱ्यात जीपीएस असेल तर काम आणखी सोपे होते. `GPSTimeStamp` ही नोंद यूटीसीमध्येच असते, त्यामुळे तिची एक्झिफच्या वेळेशी तुलना करताच कॅमेऱ्याचे घड्याळ किती पुढे होते ते कळते.

प्रवासात दोन टाइमझोन आले. फोटो कसे वेगळे करावेत?

कॅमेऱ्याच्या मूळ, न बदललेल्या वेळेनुसार आधी गट पाडावेत आणि मगच वेळा सरकवाव्यात. हा क्रम उलटू नये. एक गट दुरुस्त करून दुसरा तसाच ठेवला आणि मग वेळेनुसार मांडणी केली, तर दोन्ही गट एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा वेगळे करणे जिकिरीचे होते. प्रत्येक गटासाठी वेगळा फोल्डर करून फाइली त्यात हलवणे, हा मला सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो.

आपल्या उदाहरणात पॅरिसच्या गटातून ३ तास ३२ मिनिटे वजा होतात. लंडनचे घड्याळ पॅरिसपेक्षा एक तास मागे असते, म्हणून तिथल्या गटातून ४ तास ३२ मिनिटे वजा होतात. रेल्वेतल्या फोटोंना कोणती वेळ द्यावी याला एकच बरोबर उत्तर नाही. मी निघालेल्या ठिकाणची वेळ देतो आणि लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावर उतरल्यानंतरचा पहिला फोटो नव्या गटात घेतो.

इथे एक विचित्र गोष्ट घडते. रेल्वेतला शेवटचा फोटो कॅमेऱ्यात १८:४० चा असेल तर तो पॅरिसच्या वेळेने १५:०८ चा होतो. सेंट पँक्रासवरचा पहिला फोटो कॅमेऱ्यात १८:५२ चा, म्हणजे बारा मिनिटांनंतरचा आहे, पण लंडनच्या वेळेने तो १४:२० चा होतो. दोन्ही वेळा बरोबर आहेत, तरीही वेळेनुसार मांडल्यावर उतरल्यानंतरचा फोटो आधी येतो. ही दुरुस्तीतली चूक नव्हे. प्रवाशाने घड्याळ तासभर मागे घेतले की तो तास दोनदा येतोच. क्रम महत्त्वाचा असेल तर कॅमेऱ्याने फाइलीला दिलेला अनुक्रमांक जपावा. म्हणूनच फाइलींना केवळ स्थानिक वेळेवरून नवी नावे देऊ नयेत. तारीख पुढे जोडावी, पण मूळ क्रमांक नावात राहू द्यावा.

मुक्कामात उन्हाळी वेळ संपली तर?

तर एकाच शहराच्या फोटोंचेही दोन गट करावे लागतात. २०२५ मध्ये युरोपातली उन्हाळी वेळ २६ ऑक्टोबरला, रविवारी, यूटीसीनुसार पहाटे १ वाजता संपली. घरच्या वेळेने तेव्हा ६:३० वाजले होते, आणि आपला कॅमेरा दोन मिनिटे पुढे असल्याने त्यात ६:३२ वाजले होते. तेव्हा कॅमेऱ्याच्या वेळेनुसार ६:३२ च्या आधीच्या फोटोंतून ४ तास ३२ मिनिटे आणि नंतरच्या फोटोंतून ५ तास ३२ मिनिटे वजा करावीत.

रात्री उशिरापर्यंत बाहेर असाल तर याचा परिणाम फोटोंत दिसतो. कॅमेऱ्यात ६:१२ चा असलेला फोटो १:४० चा होतो, आणि त्यानंतर पस्तीस मिनिटांनी, ६:४७ ला काढलेला फोटो १:१५ चा होतो. त्या रात्री लंडनमध्ये एक ते दोन हा तास खरोखरच दोनदा झाला, म्हणून दोन्ही वेळा खऱ्या आहेत. त्यांतली कोणती आधीची हे फक्त ऑफसेटवरून ठरते.

प्रत्यक्ष आज्ञा कोणत्या द्याव्यात?

आधी सर्व फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवावेत. मग पॅरिसच्या फोल्डरसाठी:

```
exiftool "-AllDates-=3:32" -OffsetTimeOriginal=+02:00 -OffsetTimeDigitized=+02:00 -OffsetTime=+02:00 paris
```

`AllDates` म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही नोंदी. `-=` म्हणजे वजा करणे आणि `+=` म्हणजे मिळवणे. घरून पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर बहुधा मिळवावे लागते. लंडनच्या पहिल्या गटासाठी `4:32` आणि `+01:00`, तर दुसऱ्या गटासाठी `5:32` आणि `+00:00` लिहावे. सगळ्या फाइलींवर आज्ञा चालवण्याआधी टॉवरच्या त्या एका फोटोच्या प्रतीवर ती चालवावी आणि १९ तारखेचे २२:०४:३० येतात का ते पाहावे.

ऑफसेटही बदलणे खरोखर गरजेचे आहे का?

होय, आणि सर्वाधिक घोटाळे ही पायरी वगळल्यानेच होतात. मूळ फाइलीत १:३६:३० आणि +०५:३० अशी जोडी होती. दोन मिनिटांची चूक सोडली तर ती जोडी खरा क्षण सांगत होती. आता वेळ २२:०४:३० केली पण ऑफसेट +०५:३० च राहिला, तर फाइल असे म्हणू लागते की घरी रात्रीचे दहा वाजून गेले होते तेव्हा हा फोटो काढला. म्हणजे खरा क्षण साडेतीन तासांनी मागे गेला. अर्धवट दुरुस्तीने बरोबर असलेली माहिती चुकीची झाली.

हे ओळखण्याची खूण अशी की, तोच फोटो एका प्रोग्राममध्ये बरोबर वेळेला दिसतो आणि दुसऱ्यात काही तास सरकलेला दिसतो. पहिला प्रोग्राम ऑफसेटकडे दुर्लक्ष करत असतो, दुसरा तो विचारात घेत असतो. फोनचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केल्यावर कॅमेऱ्याचे सगळे फोटो नेमक्या साडेतीन तासांनी वेगळे पडले, तर कारण बहुधा हेच असते.

फाइलीत ऑफसेटची नोंद मुळातच नव्हती, तरी ती आता लिहावी. ती असली की पुढे कोणालाही तो क्षण यूटीसीमध्ये काढता येतो.

आज्ञा चुकून दोनदा चालली. आता?

वेळ दोनदा वजा झाली असणार, कारण आधी काय केले होते हे एक्झिफटूलला आठवत नाही. पण ते पहिल्या बदलापूर्वीची फाइल नावापुढे `_original` लावून जपून ठेवते आणि दुसऱ्या वेळी ती प्रत पुसत नाही. त्यामुळे ही आज्ञा देऊन अगदी मूळ स्थितीवर परत येता येते:

```
exiftool -restore_original paris
```

या प्रती जागा व्यापतात म्हणून त्या तयारच होऊ नयेत असा पर्याय अनेक जण वापरतात. सर्व गट तपासून होईपर्यंत तो वापरू नये, ही कळकळीची सूचना.

लाइटरूममध्ये साडेतीन तास वजा करता येत नाहीत. असे का?

लाइटरूम क्लासिकमध्ये वेळ बदलण्याच्या `Edit Capture Time` या खिडकीत टाइमझोनसाठी जो पर्याय आहे, त्यात फक्त पूर्ण तास निवडता येतात. ज्यांच्या घरच्या वेळेत अर्धा तास आहे त्यांना तो पुरत नाही. तिथेच `Adjust to a specified date and time` हा दुसरा पर्याय घ्यावा. एका गटाचे सर्व फोटो निवडून, ज्याची खरी वेळ ठाऊक आहे तो फोटो त्यांतला मुख्य म्हणून ठेवावा आणि त्याची योग्य वेळ लिहावी. बाकीचे फोटो तेवढ्याच फरकाने सरकतात, आणि दोन मिनिटांची चूकही त्यातच सुटते.

फोटो आधीच लाइटरूममध्ये घेतलेले असतील तर दुरुस्ती तिथेच करावी. बाहेरून फाइली बदलल्या तर प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदी जुन्याच राहतात. अजून घेतले नसतील तर आधी एक्झिफटूलने दुरुस्ती करून मग घ्यावेत, हे अधिक स्वच्छ.

फोटो ऑनलाइन अल्बममध्ये चढवून झाले आहेत. तिथेच वेळ बदलली तर चालेल का?

दिसण्यापुरते चालेल, पण तिथे केलेला बदल अनेकदा त्या सेवेच्या नोंदवहीतच राहतो, आपल्या मूळ फाइलीत उतरत नाही. शिवाय दुरुस्त फाइली पुन्हा चढवल्या तर जुन्याही राहतात आणि प्रत्येक फोटो दोनदा दिसतो. म्हणून जुना संच काढून मगच नवा चढवावा.

मध्येच कुणीतरी कॅमेऱ्याचे घड्याळ बदलले होते. तो क्षण कसा शोधावा?

फाइली वेळेनुसार न मांडता अनुक्रमांकानुसार मांडाव्यात आणि वेळांचा स्तंभ वाचत जावे. घड्याळ मागे घेतले असेल तर क्रमांक वाढतो पण वेळ मागे जाते, त्यामुळे जागा चटकन सापडते. पुढे घेतले असेल तर केवळ मोठे अंतर दिसते आणि ते झोपेचेही असू शकते. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या फोटोंची फोनच्या फोटोंशी स्वतंत्र तुलना करावी.

व्हिडिओंसाठी हीच पद्धत चालते का?

थेट नाही. एमपी४ फाइलीतल्या `CreateDate` मध्ये नियमानुसार यूटीसी असावी लागते, पण बरेच कॅमेरे तिथे आपल्या घड्याळाची वेळ जशीच्या तशी लिहितात. म्हणून आधी चाचणी करावी. एकामागोमाग काढलेला एक फोटो आणि एक व्हिडिओ घेऊन दोन्हींच्या `CreateDate` एक्झिफटूलने वाचाव्यात. त्या जवळजवळ सारख्या निघाल्या तर कॅमेरा व्हिडिओतही घरची वेळ लिहितो. व्हिडिओची वेळ साडेपाच तासांनी कमी निघाली तर ती यूटीसी आहे. मग टाइमझोनसाठी काहीच करायचे नसते, फक्त दोन मिनिटे वजा करायची असतात.

घरची वेळ लिहिलेली असेल तर पॅरिस असो वा लंडन, सर्व व्हिडिओंतून ५ तास ३२ मिनिटे वजा करून यूटीसी लिहिणे नियमाला धरून आहे. `TrackCreateDate` आणि `MediaCreateDate` या नोंदीही तशाच सरकवाव्यात. त्यानंतरही घरच्या संगणकावर व्हिडिओ घरच्याच वेळेने दिसला तर घाबरू नये. नियम पाळणारे प्रोग्राम यूटीसीचे रूपांतर पाहणाऱ्याच्या टाइमझोनमध्ये करतात, म्हणून लंडनमध्ये बसून उघडला तर तोच व्हिडिओ लंडनच्या वेळेने दिसेल.